पासंग

एखादा माणूस दुसऱ्याच्या पासंगालाही पुरणार नाही, असे आपण सहज बोलून जातो. परंतु पासंग म्हणजे नेमके काय, हे आज गादीवर बसणाऱ्या मुलांना सांगावे लागते. दोन पारड्यांचा तराजू वापरात होता तेव्हा काही काळाने एखादे पारडे हलके पडे. कधी साखळीची कडी बदललेली असे, कधी पारड्याचा काठ झिजलेला असे. रिकामी दांडी समतोल राहीनाशी झाली, की हलक्या बाजूला एखादा खडा किंवा शिशाचा तुकडा बांधीत. तोच पासंग. वस्तू क्षुद्र, पण तिची जागा फार महत्त्वाची. हलक्या पारड्याला बांधलेला खडा तराजू खरा करतो. तोच खडा समतोल तराजूच्या एका बाजूला बांधला, तर तो तराजू खोटा होतो. खोटा कोणाच्या बाजूने, हे पाहण्यासाठी मात्र खडा कोणत्या पारड्याला आहे ते पाहावे लागते.

बार्शीतील एका फोटो स्टुडिओत काम करणाऱ्या श्रेणिकपुढे असाच एक खडा आला. तोही प्रत्यक्ष नव्हे, तर एका जुन्या छायाचित्रातला.

श्रेणिकचे वय तेवीस. जुनी, विटलेली, चिरा गेलेली छायाचित्रे स्कॅन करून संगणकावर दुरुस्त करणे, हे त्याचे काम. स्टुडिओचे मालक वसंतराव यांनी हेच काम तरुणपणी हाताने केले होते. काचेच्या उताराच्या फळीवर निगेटिव्ह ठेवून, टोकदार शिसपेन्सिलीने चेहऱ्यावरचे देवीचे व्रण भरून काढणे, छापलेल्या फोटोवरचे पांढरे ठिपके बारीक कुंचल्याने शाईने झाकणे, अशी ती कला होती. संगणक आल्यावर त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. पण श्रेणिकच्या खुर्चीमागे उभे राहून पडद्याकडे पाहण्याची सवय काही सुटली नाही.

दिवाळीला तीन आठवडे उरले असताना प्रकाशशेठ एक पाकीट घेऊन आले. त्यांच्या आजोबांनी सुरू केलेले धान्याचे किराणा दुकान आता त्यांचा मुलगा नव्या जागेत नेणार होता. सुकामेवा, मसाले, भेटीचे डबे, काचेची दारे असे सारे आधुनिक. पाडव्याला उद्घाटन होते. प्रवेशद्वारासमोरच्या भिंतीवर आजोबांचा म्हणजे दादांचा जुना फोटो तीन फूट बाय चार फूट आकारात लावायचा, असे घरात ठरले होते.

फोटो सहा बाय आठ इंचांचा, कृष्णधवल. मागे पेन्सिलीने लिहिले होते: वीर निर्वाण संवत 2491. म्हणजे इसवी सन 1964 ची दिवाळी. गादीवर दादा बसलेले, डोक्यावर टोपी, पुढे चौरंगावर नवी वही, तिच्यावर स्वस्तिक आणि श्री. उजव्या हाताला कडीला टांगलेला मोठा तराजू, त्याच्या दांडीला झेंडूची माळ. खाली फळीवर षटकोनी लोखंडी वजनांची उतरंड. दशमान वजने तोवर सर्वत्र रुळली होती. शेर आणि पायली नुकतीच मागे पडली होती.

प्रकाशशेठांनी कामांची यादीच आणली होती. कोपऱ्यातली घडी काढायची, डाव्या कडेचा ओलाव्याचा डाग काढायचा, चेहरा उजळ करायचा. मग त्यांनी तराजूच्या एका पारड्याच्या साखळीवर बोट ठेवले. तिथे एक काळपट ठिपका होता, जेमतेम दोन मिलिमीटरचा.

"आणि हे काय आहे, ते घालवून टाक. मोठा फोटो केला की डोळ्यांत खुपेल."

श्रेणिकने होकार दिला. अशा ठिपक्यांचे तो रोज डझनावारी विसर्जन करीत असे.

काम त्याने नेहमीच्या क्रमाने सुरू केले. फोटो मऊ ब्रशने झाडून बाराशे डीपीआयला स्कॅन केला. मूळ स्कॅन वेगळी जपून ठेवली. तिला हात लावायचा नाही, दुरुस्ती सगळी तिच्यावरच्या वेगळ्या थरांवर करायची, ही वसंतरावांची शिस्त होती. घडीच्या पांढऱ्या रेषा शेजारच्या भिंतीचा पोत घेऊन बुजवल्या. ओलाव्याच्या डागाखालची मूळ छटा सावकाश वर आणली. चेहऱ्याला त्याने फारसा हात लावला नाही. सुरकुत्या पुसल्या की माणूस मेणाचा होतो, हे तो अनुभवाने शिकला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो तराजूपाशी आला आणि ठिपका मोठा करून पाहू लागला.

वसंतराव मागे उभे होतेच. ते म्हणाले, "पुसण्याआधी ते कागदावर आहे की फोटोत, ते बघ."

हा फरक या व्यवसायात पायाचा आहे. कागदावर बसलेली धूळ, बुरशी किंवा शाईचा थेंब हा छायाचित्राचा भाग नसतो. तो नंतर आलेला पाहुणा असतो. त्याची कड आजूबाजूच्या चित्रापेक्षा अधिक रेखीव दिसते, कारण ती भिंगातून आलेली नसते. त्याच्या खाली छायाचित्राचे कण झाकले जातात. फोटो एका बाजूने तिरपा उजेड टाकून पाहिला, की तो उंचवट्यासारखा उठून दिसतो. याउलट कॅमेऱ्यासमोर खरोखर असलेली वस्तू शेजारच्या वस्तूंइतकीच स्पष्ट किंवा पुसट असते, तिच्यातही तेच कण असतात, आणि मुख्य म्हणजे तिची सावली पडते.

श्रेणिकने फोटो खिडकीपाशी नेऊन तिरपा धरला. पृष्ठभाग सपाट होता. त्याने फोटो काटकोनात फिरवून पुन्हा स्कॅन केला. ठिपका तसाच राहिला, कडेला उजेडाची रेघसुद्धा बदलली नाही. पडद्यावर तो सुमारे पंचाण्णव पिक्सेल रुंद होता. साखळीच्या कड्या जेवढ्या पुसट होत्या, तेवढाच तोही पुसट होता. आणि मागच्या भिंतीवर, साखळीच्या सावलीला चिकटून, एक लहानशी गाठीसारखी सावली होती.

"वस्तू आहे," तो म्हणाला. "माळेतून गळलेले झेंडूचे फूल असेल."

"फूल साखळीला गाठ मारून बसत नाही," वसंतराव म्हणाले, आणि समोर गिऱ्हाईक आले म्हणून निघून गेले.

श्रेणिकने उजेडाच्या छटा थोड्या ताणल्या. तेव्हा दिसले की ती कापडात बांधलेली पुरचुंडी आहे. दोन टोके वर निघालेली, मध्ये काहीतरी जड. तिच्या भाराने साखळी त्या ठिकाणी किंचित आत ओढली गेली होती.

फूल असो की पुरचुंडी, गिऱ्हाइकाने काढायला सांगितले होते. त्याने नवा थर उघडला, साखळीच्या वरच्या कड्या उचलून खाली बसवल्या, सावलीतली गाठ बुजवली. दहा मिनिटांचे काम. मग पूर्ण चित्र पाहण्यासाठी त्याने ते लहान केले, आणि त्याला काहीतरी चुकल्यासारखे वाटले.

तराजू कलता होता. आधीही तो कलताच होता. परंतु पुरचुंडी असताना नजरेला ते खटकत नव्हते. दोन्ही पारडी रिकामी होती, आणि एक पारडे दुसऱ्यापेक्षा स्पष्ट खाली होते. भार काढला होता, कल मात्र मागे राहिला होता. आता तो फोटो पाहणारा कोणीही व्यापारी पहिल्या नजरेत एकच गोष्ट म्हणाला असता: याचा तराजू खोटा आहे.

मग दांडीही सरळ करावी लागणार, हे उघड होते. त्याने प्रयत्न केला. दांडी तीन अंशांनी फिरवली, तेव्हा काटा मध्यावर आला. पण एक पारडे वर घ्यावे लागले आणि दुसरे खाली. साखळ्या लहानमोठ्या झाल्या, त्या पुन्हा रचाव्या लागल्या. झेंडूची माळ ज्या बाजूला घसरली होती, तिकडे घसरण्याचे कारणच उरले नाही. भिंतीवरची सावली अजून जुन्या कलाची साक्ष देत होती, तीही पुसून नव्याने काढावी लागली. संध्याकाळपर्यंत पडद्यावर एक निर्दोष तराजू उभा होता. श्रेणिक त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिला. घडी आणि डाग काढताना त्याने कागदावर नंतर झालेली हानी दूर केली होती. इथे मात्र त्याने त्या दिवशी त्या दुकानात नसलेला एक तराजू बनवून दादांच्या शेजारी टांगला होता.

पुरचुंडी कोणत्या पारड्याला होती, हे त्याने आता नीट पाहिले. एक पारडे खोलगट होते. त्याच्या काठावर धान्याच्या कोंड्याची फिकट कड दिसत होती. ते मालाचे. दुसरे चपटे, मध्यभागी वजने ठेवून ठेवून घासलेले. वजनांची उतरंडही त्याच बाजूला होती. पुरचुंडी वजनाच्या पारड्याला होती आणि तेच पारडे खाली होते. म्हणजे किलोचे वजन टाकले, तर दांडी सरळ होण्यासाठी मालाच्या पारड्यात एक किलो आणि वर त्या पुरचुंडीइतके धान्य घालावे लागणार. तराजू खोटा होता खरा. पण दुकानदाराच्या तोट्याचा.

असे कोण करील, हे श्रेणिकला उमगेना. काम संपवून पैसे घेणे सोपे होते. प्रकाशशेठांची ऑर्डर एका फोटोपुरती नव्हती. उद्घाटनाचे छायाचित्रण, आमंत्रणपत्रिका, अल्बम, सगळे याच स्टुडिओकडे येणार होते. शिवाय फोटो त्यांचा, आजोबा त्यांचे. एवढ्याशा खड्यासाठी आपण कोण अडवणार, असेही त्याला वाटले.

त्याने वसंतरावांना विचारले. ते म्हणाले, "मी पेन्सिलीने शेकडो व्रण भरले, आणि कधी लाज वाटली नाही. लोकांना वाटायचे, आपण असे दिसावे. मी तसे दाखवायचो. पण एकदा एका विधवेने नवऱ्याच्या फोटोतला हातातला काठीचा तुकडा काढायला सांगितला, तेव्हा मी आधी तिला विचारले, ते लंगडत होते का? ती रडली आणि म्हणाली, राहू द्या. गिऱ्हाईक सांगेल ते करायचे, हे बरोबर. पण आपण काय काढतो आहोत, हे त्याला ठाऊक आहे का, एवढे विचारणे आपले काम."

दुसऱ्या दिवशी श्रेणिक दोन नमुने छापून जुन्या दुकानात गेला. दुकानात गर्दी होती. प्रकाशशेठांचा मुलगा पुठ्ठ्याच्या डब्यात बदाम भरून डब्यासकट काट्यावर ठेवीत होता. पाचशेचा आकडा आला की झाकण लावून पुढे. श्रेणिकचे तिकडे फारसे लक्ष नव्हते. त्याने दोन्ही नमुने गादीवर शेजारी शेजारी मांडले.

"वा! हा छान झालाय," सरळ तराजूच्या नमुन्याकडे बोट दाखवून प्रकाशशेठ म्हणाले.

"शेठजी, तो ठिपका डाग नाही. साखळीला बांधलेली पुरचुंडी आहे. ती काढली तर तराजू कलता दिसतो, म्हणून मला तराजूही बदलावा लागला. आपल्याला माहीत असावे म्हणून सांगतो."

प्रकाशशेठांचा चेहरा बदलला. ते आवाज खाली आणून म्हणाले, "पुरचुंडी असेल तर ती काढलीच पाहिजे. अरे, तराजूला दगड बांधलेला फोटो दुकानाच्या तोंडावर लावायचा? लोक काय म्हणतील? आजोबांच्या वेळेपासून दांडी मारतात म्हणतील."

त्यांची भीती खोटी नव्हती. तराजूखाली चिकटवलेला चिंचोका, पारड्याच्या तळाला लावलेले मेण, या गोष्टी बाजारात कोणी ऐकल्या नाहीत? दगड पाहणारा हजारातला एकही माणूस तो कोणत्या पारड्याला आहे, हे पाहणार नव्हता.

"पण तो वजनाच्या पारड्याला आहे," श्रेणिक म्हणाला. "म्हणजे गिऱ्हाइकाला जास्त जात होते. घरात कोणाला काही आठवत असेल का?"

प्रकाशशेठ क्षणभर थांबले. वडील हयात नव्हते. मग त्यांनी त्याला आपल्या आत्याबाईंकडे नेले. त्या दोन गल्ल्या पलीकडे राहत. 1964 साली त्या बारा वर्षांच्या होत्या. स्वाध्यायाची पोथी बाजूला ठेवून त्यांनी चष्मा लावला, कलत्या तराजूचा नमुना डोळ्यांजवळ धरला, आणि लगेच ओळखले.

"हा दादांचा खडा," त्या म्हणाल्या. "वीस ग्रॅमचा. माझ्या जुन्या परकराच्या चिंधीत बांधलेला."

त्यांनी सांगितले ते असे. त्या वर्षी पावसाळ्यात दादांना विषमज्वर झाला आणि ते चाळीस दिवस दुकानात गेले नाहीत. मुनीम आणि एक पोऱ्या दुकान पाहत. त्याच सुरुवातीच्या दिवसांत मालाच्या पारड्याची एक साखळी तुटली. लोहाराने नवी बसवली, ती जुन्यापेक्षा जाड होती. रिकामी पारडी फळीवर टेकलेली असत, त्यामुळे दांडीचा कल कोणाच्या ध्यानात आला नाही. दादा बरे होऊन आले, आणि त्यांनी सवयीप्रमाणे मालाचा ताळा घेतला.

धान्याच्या दुकानात ताळ्याला नेहमी घट येते. धान्य वाळते, सांडते, उंदीर खातो. पोत्यामागे किती घट धरायची, याचा प्रत्येक व्यापाऱ्याचा अंदाज ठरलेला असतो. दादांना मात्र उलटे दिसले. विक्रीच्या रकमेवरून जेवढा माल गेला असला पाहिजे, त्यापेक्षा कमी गेला होता. नेहमीची घट धरूनही अठ्ठेचाळीस किलो धान्य जास्त शिल्लक होते. मुनीम खूष झाला. दादा मात्र उठून तराजूपाशी गेले. पारडी उचलून मोकळी टांगली, तेव्हा मालाचे पारडे खाली गेले. वजनाच्या पारड्यात लहान वजने टाकीत गेले. वीस ग्रॅमला दांडी सरळ झाली. म्हणजे दर तोलाला गिऱ्हाइकाचे वीस ग्रॅम राहत होते. अठ्ठेचाळीस किलोंना वीस ग्रॅमने भागले, तर दोन हजार चारशे तोल. चाळीस दिवसांत रोजचे साठ. दुकानाची रोजची विक्री तेवढीच होती. हिशेब जुळला.

"दादांनी त्याच दिवशी साखळी बदलून घेतली," आत्याबाई म्हणाल्या. "तराजू खरा झाला. आई म्हणाली, ते अठ्ठेचाळीस किलो मंदिरात द्या, नाहीतर पांजरपोळात घाला, दोष फिटेल. दादा म्हणाले, ज्याचे गेले त्याच्या पिशवीत गेले पाहिजे. दान दिले तर पुण्य आपले आणि माल त्यांचा. त्या साली धान्याचे भाव काय चढले होते! वीस ग्रॅम म्हणजे गरिबाच्या घरी मूठभर पीठ. गिऱ्हाईक बहुतेक तेच तेच, गल्लीतले. म्हणून खरा केलेल्या तराजूला दादांनी वीस ग्रॅमचा खडा वजनाच्या बाजूला बांधला, दसऱ्याच्या आधी दोन दिवस. रोज रात्री वहीत किती तोल झाले, ते लिहायचे. दोन हजार चारशे भरले, त्या रात्री चिंधी सोडली. खडा मला खेळायला दिला."

"आणि वहीपूजनाला फोटो काढला, तेव्हा?" श्रेणिकने विचारले.

"तेव्हा तेविसावा दिवस. अर्धे देणे फिटलेले, अर्धे बाकी. फोटोवाल्याने सांगितले, शेठ, तेवढी चिंधी काढा, फोटो चांगला येईल. दादा म्हणाले, बाकी फिटेपर्यंत ती काढता येणार नाही. फोटो राहू दे हवा तर. मी तिथेच उभी होते."

प्रकाशशेठ काही बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "हे आम्हाला कधी कोणी सांगितले कसे नाही?"

"दादांनी सांगू दिले नाही. सरकारी माणूस आला असता, तर त्याने खोटा तराजू म्हणून दंडच केला असता. तो कोणाच्या बाजूने खोटा आहे, हे त्याने थोडेच पाहिले असते? आणि गिऱ्हाइकाला सांगितले, तर तो उपकार झाला असता. देणे होते ते."

आत्याबाईंनी दुसरा, सरळ तराजूचा नमुना उचलला. थोडा वेळ पाहून श्रेणिकला म्हणाल्या, "काम बारीक केलेस. अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, ते पाठशाळेत शिकला असशील. चौथा हीनाधिकमानोन्मान, मापात कमीजास्त करणे. त्यासाठी दादांनी खडा बांधला. पाचवा कोणता?"

श्रेणिकला आठवले. प्रतिरूपकव्यवहार. अस्सल म्हणून नक्कल खपवणे. त्याने उत्तर दिले नाही, आणि त्यांनीही पुन्हा विचारले नाही.

स्टुडिओत परतताना प्रकाशशेठ वाटेत म्हणाले, "गोष्ट खरी आहे. पण ती आपल्याला माहीत. दुकानात येणाऱ्याला फक्त दगड दिसणार. मी प्रत्येकाला थांबवून सांगू का? मला अजून वाटते, काढलेले बरे."

निर्णयाची वेळ तेव्हा आली. कथा कळली म्हणजे प्रश्न सुटला, असे श्रेणिकला क्षणभर वाटले होते; तो सुटला नव्हता. प्रकाशशेठ आजोबांच्या नावाची काळजी वाहत होते, आणि त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. त्याच्यापुढे तीन वाटा होत्या. सांगितल्याप्रमाणे करावे. चिंधी काढून कल तसाच ठेवावा. पण ते तर दादांवर उघड आळ घेण्यासारखे होते. किंवा नाही म्हणावे.

"शेठजी, वहीत चुकीची नोंद झाली, तर आपण ती खरवडत नाही ना?" त्याने विचारले.

"नाही. एका रेघेने छेदायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा लिहून सही करायची."

"मग मला हे खरवडता येणार नाही. घडी, डाग, चेहरा, सगळे मी केले आहे, त्याचेच पैसे द्या. चिंधीसकट फोटो हवा असेल, तर उद्या छापून देतो. चिंधी काढायचीच असेल, तर मूळ स्कॅन आपल्याला देतो. दुसरा कोणीही तासाभरात काढून देईल. मी माझ्या हाताने काढणार नाही."

हे बोलताना त्याचा आवाज थोडा कापला. वसंतरावांना विचारल्याशिवाय आपण एक मोठे गिऱ्हाईक घालवतो आहोत, हे त्याला कळत होते. प्रकाशशेठ "बघतो" एवढेच म्हणाले आणि वळले.

त्या रात्री श्रेणिकने सरळ तराजूचा थर पुसून टाकला. तो ठेवला असता, तर कधी ना कधी कोणीतरी तो छापला असता. मूळ पुरचुंडीभोवतीची धूळ तेवढी त्याने स्वच्छ केली. सहापट मोठ्या छपाईत दोन मिलिमीटरचा ठिपका बारा मिलिमीटरचा, लहानशा बोराएवढा होणार होता. म्हणून ती चिंधीच आहे, डाग नाही, हे दुरूनही कळावे इतपत त्याने छटा उघडी केली. नवीन काही रेखाटले नाही. जे होते, ते दिसू दिले. सकाळी त्याने वसंतरावांना सारे सांगितले. ते म्हणाले, "ऑर्डर गेली, तर तुझ्या पगारातून कापणार नाही. पण पुढच्या वेळी आधी मला सांग."

चार दिवस फोन आला नाही. पाचव्या दिवशी प्रकाशशेठांचा निरोप आला: चिंधीसकट छापा. सोबत एक अट होती. फोटोखाली कसलाही मजकूर नको. आत्याबाईंचे म्हणणे असे, की दादांनी स्वतः कधी सांगितले नाही, तर आपण पाटी कशाला लावायची? ज्याला दिसेल, तो विचारील. विचारील त्याला सांगावे.

पाडव्याच्या दिवशी श्रेणिक कॅमेरा घेऊन नव्या दुकानात गेला. फोटो समोरच्या भिंतीवर होता. येणारे लोक दादांना नमस्कार करून पुढे जात. चिंधीकडे कोणाचेही लक्ष नव्हते. अपवाद एका म्हाताऱ्या आडत्याचा. तो बराच वेळ तराजूकडे पाहत उभा राहिला, मग दोन्ही पारडी बोटाने हवेत मोजल्यासारखी करून प्रकाशशेठांकडे गेला. दोघे कोपऱ्यात बोलत बसले. उठताना त्याने टोपी काढून हातात घेतली होती.

श्रेणिक काट्याजवळ उभा राहून विक्रीची छायाचित्रे घेत होता. एका बाईंनी अर्धा किलो काजू मागितले. प्रकाशशेठांच्या मुलाने सवयीने रिकामा डबा उचलला आणि भरायला सुरुवात करणार, तोच वडिलांनी दुरून त्याच्याकडे पाहिले. मुलगा थांबला. त्याने रिकामा डबा काट्यावर ठेवला. आकडा आला: बेचाळीस ग्रॅम. त्याने कळ दाबली, आकडा शून्यावर गेला, आणि मग त्याने डब्यात काजू घालायला सुरुवात केली. पाचशेवर आकडा आल्यावर त्याने झाकण लावले.

बाईंच्या काही ध्यानात आले नाही. त्या डबा पिशवीत टाकून निघून गेल्या.